बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर क्यूसी लॅबमधली पहिली नोकरी: रेझ्युमे आणि इंटरव्ह्यूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेडच्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतून बी.एस्सी. झालेली मुलं-मुली वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत क्यूसीसाठी, म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या लॅबसाठी अर्ज करतात. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. रेझ्युमे इंग्रजीतच द्यायचा असतो, पण समजायला सोपं जावं म्हणून उदाहरणांतल्या ओळी मी मराठीत दिल्या आहेत. उदाहरणं खऱ्या रेझ्युमेंवरून घेतलेली आहेत. माणूस ओळखू येऊ नये म्हणून गाव, कॉलेज आणि आकडे बदलले आहेत.

1. आमच्या तालुक्याला नेट कॅफेत बायोडेटाचा एक फॉर्मॅट मिळतो. तोच भरून दिला तर चालेल का?

नाही. त्या फॉर्मॅटमध्ये वडिलांचं पूर्ण नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी "वरील माहिती खरी आहे" असं प्रतिज्ञापत्र असतं. अर्धं पान त्यातच जातं आणि लॅबचा माणूस जे शोधत असतो ते खाली कुठेतरी दोन ओळींत दडून राहतं. नव्या पदवीधराला एकच पान पुरतं. वर नाव, मोबाइल, ईमेल, तालुका आणि जिल्हा, त्याखाली शिक्षण, मग प्रोजेक्ट, मग लॅबमध्ये स्वतः केलेलं काम. फोटो जाहिरातीत मागितला असेल तरच लावा.

कॅफेच्या फाइलमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाची माहिती राहून जाते. एका मुलीच्या रेझ्युमेत पदवी केमिस्ट्रीची होती आणि "आवडीचा विषय" या ओळीत टॅली अकाउंटिंग होतं. प्रिंट हातात आल्यावर प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचा. ईमेलही स्वतःचा असू द्या, आणि त्याचा पासवर्ड तुम्हाला पाठ हवा. इंटरव्ह्यूचं बोलावणं कॅफेवाल्याच्या ईमेलवर पडून राहिल्याची उदाहरणं आहेत.

2. मला काहीच अनुभव नाही. मग रेझ्युमेत लिहायचं तरी काय?

तुम्ही तीन वर्षं प्रॅक्टिकल केली आहेत, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट केला आहे. हाच तुमचा माल. अडचण असते ती तो लिहिण्यात. लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीच्या रेझ्युमेचा मधला भाग बघा.

आधी:

> ध्येय: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीत योगदान देणे.
> प्रोजेक्ट: पाण्याचा अभ्यास.
> कौशल्ये: एचपीएलसी, जीसी, यूव्ही, आयआर, जीएमपी, जीएलपी, एमएस ऑफिस, मेहनती, टीम प्लेअर.

पहिली ओळ कुणाच्याही रेझ्युमेत बसेल, म्हणून ती काढली. "पाण्याचा अभ्यास" म्हणजे नेमकं काय, हे मी तिला विचारलं. तिने गावातल्या बोअरवेलचं पाणी कॉलेजच्या लॅबमध्ये आणून त्याचा हार्डनेस काढला होता. किती बोअर? बारा. कोणत्या पद्धतीने? ईडीटीए टायट्रेशनने. किती रीडिंग घेतली? प्रत्येकी तीन. निकाल काय आला? तो तिच्या जर्नलमध्ये होता, रेझ्युमेत नव्हता.

नंतर:

> प्रोजेक्ट: बोअरवेलच्या पाण्यातील एकूण हार्डनेस (2 महिने, 2 विद्यार्थी)
> • 12 बोअरवेलचे नमुने, 0.01 मोलर ईडीटीए, एरिओक्रोम ब्लॅक टी इंडिकेटर, पीएच 10 बफर. प्रत्येक नमुन्याची 3 रीडिंग.
> • हार्डनेस 180 ते 640 मिलिग्रॅम प्रति लिटर. 11 नमुने आय.एस. 10500 च्या 200 या मर्यादेपेक्षा जास्त, 1 नमुना 600 पेक्षाही जास्त.
> • माझं काम: ईडीटीए द्रावण तयार करणं आणि स्टँडर्डाइज करणं, सगळी टायट्रेशन, हिशोब.

शेवटची ओळ नीट वाचा. दोघांचा प्रोजेक्ट होता, त्यात तिचा हात कुठे होता ते स्वच्छ लिहिलं आहे. क्यूसीचा माणूस हे वाचून थांबतो, कारण द्रावण बनवणं, स्टँडर्डाइज करणं आणि रीडिंग लिहिणं हेच त्याच्या लॅबमध्ये रोज चालतं. कौशल्यांच्या यादीचं काय केलं ते पुढच्या उत्तरात आहे.

3. सगळे एचपीएलसी लिहितात. मी नाही लिहिलं तर मागे पडेन ना?

मागे पाडते ती खोटी ओळ. रेझ्युमेवरची प्रत्येक ओळ म्हणजे समोरच्याला दिलेलं प्रश्नाचं आमंत्रण. "एचपीएलसी" लिहिलंत तर विचारतील: कॉलम कोणता होता? डिटेक्टर कोणता? मोबाइल फेज वापरण्याआधी काय करता? मशिनला हात लावलेला मुलगा सांगतो की सी-18 कॉलम होता, यूव्ही डिटेक्टर होता, मोबाइल फेज 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग त्यातली हवा काढायची, नाहीतर बुडबुडे पंपात जाऊन प्रेशर खालीवर होतं. हात न लावलेला पहिल्याच प्रश्नाला गप्प होतो, आणि त्यानंतर त्याच्या खऱ्या ओळींवरही विश्वास बसत नाही.

म्हणून यादी दोन भागांत लिहा. वरच्या मुलीची अशी झाली:

> स्वतः वापरलेली उपकरणं: ॲनालिटिकल बॅलन्स, पीएच मीटर (4, 7 आणि 9.2 बफरने कॅलिब्रेशन), कलरीमीटर, मेल्टिंग पॉइंट उपकरण.
> प्रात्यक्षिक पाहिलेली: एचपीएलसी, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (एक दिवसाची कार्यशाळा).

"पाहिलेली" असं लिहायला मुलं बिचकतात. फ्रेशर्सना मशीन शिकवायचंच असतं, हे कंपनीला ठाऊक असतं. तिला बघायचं असतं ते हे, की बॅलन्सवर वजन घेताना हात थरथरत नाही ना, आणि माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही असं तुम्ही सांगता की नाही. "मेहनती" आणि "टीम प्लेअर" काढून टाका. त्या शब्दांवर कुणी प्रश्न विचारत नाही, कारण कुणी ते वाचतच नाही.

4. प्रोजेक्टवर किती खोल विचारतात? पाठ करून गेलं तर चालतं का?

पाठ केलेलं पहिल्या प्रश्नाला पुरतं. प्रश्न सहसा "काय केलं" पासून "का केलं" कडे आणि तिथून "बिघडलं असतं तर" कडे सरकतात. वरच्याच मुलीचा सराव घेतला तेव्हा ते असं झालं.

"टायट्रेशनचा एंड पॉइंट कसा ओळखला?" ती म्हणाली, वाइन रेडवरून निळा. बरोबर. "मधला जांभळा रंग दिसला तिथे थांबलीस का?" नाही, लालसरपणा पूर्ण जाईपर्यंत थेंब थेंब टाकलं. हे तिने केलेलं होतं म्हणून तिला लगेच सांगता आलं.

"पीएच 10 च का?" इथे ती अडली. बफर मॅडमनी दिला आणि तिने टाकला, एवढंच तिला माहीत होतं. उत्तर असं आहे: त्या पीएचला इंडिकेटरचा रंगबदल स्वच्छ दिसतो आणि ईडीटीए धातूला घट्ट धरतो. पीएच कमी झाला की एंड पॉइंट अस्पष्ट होतो आणि फार वाढला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खाली बसायला लागतं. अमोनिया आणि अमोनियम क्लोराइडचा बफर पीएच त्याच जागी धरून ठेवतो.

"एका नमुन्याचा हिशोब करून दाखव." इथे कागद पुढे सरकवला जातो आणि बरीच मुलं घाबरतात. 50 मिलिलिटर पाण्याला 0.01 मोलर ईडीटीए 21.0 मिलिलिटर लागलं असं धरू. 0.01 मोलर ईडीटीएचा 1 मिलिलिटर म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे 50 मिलिलिटरमध्ये 21 मिलिग्रॅम, आणि एका लिटरमध्ये त्याच्या वीसपट, 420 मिलिग्रॅम. सूत्र आठवलं नाही तरी एवढं बोलता आलं की काम होतं. मोठ्याने बोलत करा, म्हणजे मधे चूक झाली तरी तुमची पद्धत त्यांना दिसते.

"तीन रीडिंग 21.0, 21.1 आणि 22.4 आली. कोणती घेशील?" ती म्हणाली, तिन्हींची सरासरी. हे उत्तर क्यूसीत चालत नाही. पहिली दोन एकमेकांशी जुळतात, तिसरं दूर पडलं आहे. ते गुपचूप सोडून द्यायचं नाही आणि सरासरीत दडवायचंही नाही. ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला का, एंड पॉइंट पुढे गेला का, हे बघायचं, पुन्हा टायट्रेशन करायचं आणि तिसरं रीडिंगही वहीत तसंच ठेवायचं. या प्रश्नाचं औषध कंपनीतलं मोठं रूप प्रश्न 8 मध्ये आहे.

घरी सराव करायचा तर प्रोजेक्टच्या प्रत्येक ओळीखाली हाताने तीन "का" लिहा आणि प्रॅक्टिकलची जुनी जर्नल काढून उत्तरं शोधा. जिथे तिसरं "का" सुटत नाही तिथे पुस्तक उघडा. ते जमलं नाही तर ती ओळ रेझ्युमेवरून काढा.

5. आमचा प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एकानेच केला, बाकीच्यांनी फक्त सह्या केल्या. आता काय?

हा प्रश्न मुलं फार संकोचाने विचारतात, आणि असे खूप जण आहेत. प्रोजेक्टचं नाव गुणपत्रिकेवर असेल तर एका ओळीत ते नाव लिहा, तपशील देऊ नका. जागा द्या ती स्वतः केलेल्या प्रॅक्टिकल्सना: सोडियम कार्बोनेट वापरून हायड्रोक्लोरिक ॲसिडचं स्टँडर्डायझेशन, ॲस्पिरिन तयार करून त्याचा मेल्टिंग पॉइंट, कलरीमीटरवर बीअरचा नियम. यातली तुम्हाला नीट येणारी दोनच पुरेत.

अजून वेळ असेल तर कॉलेजच्या सरांना भेटून लॅब मागा. एक टायट्रेशन पुन्हा करायला एक दुपार लागते, आणि ते केल्यावर तुमच्याकडे स्वतःचा आकडा असतो. रेझ्युमेत मात्र ते प्रोजेक्ट म्हणून लिहू नका. "पदवीनंतर कॉलेजच्या लॅबमध्ये केलेला सराव" असंच लिहा.

6. सेकंड क्लास आहे, एक एटीकेटी होती. लपवू का?

टक्के लिहा, एटीकेटी रेझ्युमेत लिहायची गरज नाही. विचारलं तर विषय सांगा आणि कधी सुटली ते सांगा, पुढे लांबण लावू नका. गुणपत्रिका सगळ्या बघतातच, म्हणून टक्के वाढवून लिहिणं हा सरळ सरळ नोकरी घालवण्याचा मार्ग आहे. सीजीपीएचे टक्के करताना मित्राचं सूत्र वापरू नका. विद्यापीठागणिक ते वेगळं असू शकतं. तुमच्या गुणपत्रिकेवर किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात दिलेलंच घ्या.

7. दोन वर्षं संभाजीनगरला राहून एमपीएससी केली. गॅप कसा दाखवू?

मराठवाड्यात हे घरोघरी आहे, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला नवल वाटत नाही. त्याला भीती वेगळीच असते: कामावर घेतलं आणि पुढच्या जाहिरातीला हा राजीनामा देऊन गेला तर? म्हणून गॅप लपवण्यापेक्षा त्या भीतीचं उत्तर तयार ठेवा.

आधी:

> 2022 ते 2024: वैयक्तिक कारणामुळे खंड.

नंतर:

> 2022 ते 2024: एमपीएससी परीक्षेची पूर्णवेळ तयारी. जून 2024 पासून केमिस्ट्रीची उजळणी आणि खासगी नोकरीसाठी प्रयत्न.

"वैयक्तिक कारण" म्हटलं की नको ते तर्क केले जातात. दुसऱ्या ओळीत काय केलं आणि कधी थांबलं, दोन्ही दिसतं. पण ती खरी असेल तरच लिहा. तुम्ही पुढच्या पूर्व परीक्षेचा फॉर्म भरला असेल आणि विचारलं तर "भरला आहे" असंच सांगा. गॅपवाल्यांची खरी परीक्षा असते ती विसरलेल्या केमिस्ट्रीची. मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी, पीएच, बफर एवढं तरी बारावी आणि बी.एस्सी.च्या पुस्तकांतून पुन्हा पक्कं करून जा.

8. "रिझल्ट लिमिटच्या बाहेर आला तर काय कराल?" याचं बरोबर उत्तर काय?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक क्यूसी इंटरव्ह्यूत येतो, आणि बरेच फ्रेशर्स "पुन्हा टेस्ट करीन" असं सांगून अडकतात. पुन्हा पुन्हा टेस्ट करून बरोबर आकडा येईपर्यंत थांबणं हाच औषध उद्योगातला मोठा गुन्हा मानला जातो. बरोबर क्रम असा: रीडिंग जसं आलं तसं नोंदवायचं, द्रावणं आणि नमुना फेकायचा नाही, लगेच वरिष्ठांना सांगायचं. पुढे चौकशी होते. वजन, डायल्यूशन, मशीन यांत चूक झाली का ते शोधतात, आणि पुन्हा टेस्ट करायची की नाही ते ठरलेल्या पद्धतीने ठरतं. याला लॅबमध्ये ओओएस, म्हणजे आउट ऑफ स्पेसिफिकेशन म्हणतात.

याच्याच जोडीला विचारतात: लॉगबुकमध्ये आकडा चुकला तर? व्हाइटनर लावायचा नाही, वर गिरवायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही, तारीख, कारण टाकायचं. कॉलेजच्या जर्नलमध्ये आपण नेमकं याच्या उलट करतो, खाडाखोड दिसू नये म्हणून पान नव्याने लिहितो. ही सवय मोडायची आहे हे इंटरव्ह्यूत स्वतःहून सांगितलंत तर समोरच्याला कळतं की तुम्हाला लॅबचं काम समजलं आहे.

9. इंग्रजी बोलता येत नाही. मराठीत उत्तर दिलं तर काढून टाकतील का?

क्यूसीत इंग्रजी लागते ती वाचायला आणि लिहायला, कारण कामाच्या पद्धतीचे कागद, म्हणजे एसओपी, बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात. बोलताना तांत्रिक शब्द इंग्रजी आणि वाक्य मराठी किंवा हिंदी, असं मिश्रण लॅबमध्ये सर्रास चालतं. पहिलं उत्तर, म्हणजे स्वतःची ओळख, इंग्रजीत पाच-सहा वाक्यांत तयार ठेवा: नाव, गाव, पदवी, प्रोजेक्ट, वापरलेली उपकरणं. पुढे अडलात तर "सर, हे मराठीत सांगू का?" असं विचारा. टायट्रेशनचं खरं उत्तर मराठीत देणारा मुलगा इंग्रजीत गोलगोल बोलणाऱ्यापेक्षा पुढे जाताना मी पाहिला आहे. एसओपीचा उतारा मोठ्याने वाचायला देतात तेव्हा मात्र सुटका नसते. त्यासाठी रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचा.

10. कन्सल्टन्सीवाला म्हणतो, पाच हजार भरा, वाळूजला नक्की लावतो.

भरू नका. इंटरव्ह्यूआधी उमेदवाराकडून पैसे मागणारा माणूस नोकरीच्या नाही, पैशाच्या मागे असतो. भरती करून देणाऱ्या एजन्सीला तिची फी कंपनीने द्यायची असते. ऑफर लेटर आलं तर ते कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवरून आलं आहे का ते बघा, आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. मात्र कामगार कंत्राटदारामार्फत घेतात, हे खोटं नसतं. तिथे पैसे न भरता पगार कोण देणार, पीएफ कुणाच्या नावाने कापणार, ते विचारून घ्या.

11. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एक हंगाम काम केलं, पण अनुभवाचं पत्र नाही. लिहू का?

जरूर लिहा. मराठवाड्यातल्या मुलांकडे हा अनुभव असतो आणि तो "हंगामी" म्हणून वाया घालवतात. गळीत हंगामात रसाचं ब्रिक्स आणि पोल काढणं, दर पाळीला नमुने घेऊन नोंदवहीत भरणं, रात्रपाळी करणं, हे सगळं क्यूसीच्या कामाच्या जवळचं आहे. कारखान्याचं नाव, महिने आणि "हंगामी लॅब असिस्टंट" असं पद लिहा. नुसतं "केमिस्ट" लिहू नका, ते तुमचं पद नव्हतं.

पत्र नसेल तर बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि पीएफ कापला असेल तर यूएएन पासबुक दाखवता येतं. पीएफमुळे याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तुमच्या यूएएनवर कुठे आणि कधी काम केलं ते दिसतं, त्यामुळे तीन महिन्यांचा हंगाम आठ महिने म्हणून लिहिला तर कागदपत्रं तपासताना तो उघड पडतो. पगार रोखीने मिळाला असेल, पत्र नसेल आणि पीएफही नसेल, तर ज्या चीफ केमिस्टच्या हाताखाली काम केलं त्यांना आधी विचारून त्यांचा नंबर जवळ ठेवा, आणि कंपनीने मागितला तरच द्या.